गच्चीची गळती: सोसायटीच्या समितीला फोटोंसह अहवाल कसा द्यावा

वरच्या मजल्यावरच्या छताला ओल आली की कुणीतरी मोबाइलवर फोटो काढतं, सोसायटीच्या ग्रुपवर टाकतं, दोन दिवस चर्चा होते आणि विषय पुढच्या मिटिंगवर जातो. मिटिंगमध्ये ते फोटो दाखवले तरी समितीला काही ठरवता येत नाही. ‘ओल आहे’ हे फोटोत दिसतं, पण पाणी कुठून शिरतंय हे दिसत नाही. मग कुणीतरी सुचवतं की सगळ्या गच्चीला केमिकल मारून घेऊ. लाखभर रुपये जातात आणि पुढच्या जुलैत डाग पुन्हा उमटतो.

मी इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे आणि असे अहवाल नेहमी लिहितो. हा लेख ज्यांना पहिल्यांदाच असा अहवाल लिहायचा आहे त्यांच्यासाठी आहे. तुम्ही समितीतले नवीन सदस्य असाल, वरच्या मजल्यावर राहत असाल किंवा नुकतेच साइटवर जाऊ लागलेले इंजिनिअर असाल. एक गोष्ट सुरुवातीलाच नीट समजून घ्या: छतावरचा डाग म्हणजे पाणी बाहेर पडण्याची जागा. पाणी आत शिरण्याची जागा वेगळी असते, आणि या दोन जागा जोडून दाखवणं हेच अहवालाचं काम आहे.

डागाच्या वर तडा आहे म्हणून

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गच्च्यांवर स्लॅबच्या वर ब्रिकबॅट कोबा असतो. म्हणजे उताराला लावलेले विटांचे तुकडे, त्यांच्या फटीत सिमेंटचा माल आणि वर घोटलेला गुळगुळीत थर. हा कोबा चार ते सहा इंच जाड असतो. वरच्या थराला भेग पडली की पाणी आत जातं, पण लगेच खाली उतरत नाही. विटा पाणी पितात. उरलेलं पाणी कोब्याच्या खालून, स्लॅबच्या पाठीवरून उताराच्या दिशेनं सरकत जातं आणि स्लॅबमध्ये जिथे कच्ची जागा सापडेल तिथे खाली येतं. बऱ्याचदा ती कच्ची जागा म्हणजे विजेच्या तारांसाठी स्लॅबमध्ये गाडलेला पाइप असतो. म्हणून डाग अनेकदा पंख्याच्या हुकापाशी किंवा दिव्याच्या पॉइंटपाशी दिसतो. तसा दिसला तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्या खोलीचा एमसीबी बंद करायला सांगा आणि अहवालात ते पहिल्या ओळीत लिहा.

तेव्हा डागाच्या बरोबर वर तडा सापडला तरी तोच दोषी आहे असं धरून चालू नका. तो संशयित आहे, एवढंच.

घरच्यांना आधी विचारा

फोटो काढण्याआधी त्या घरात पाच मिनिटं बसा. पाऊस सुरू झाल्यावर किती वेळानं ओल दिसते? पाऊस थांबल्यावर किती वेळ टिकते? उन्हाळ्यातही दिसते का? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मार्च-एप्रिलमध्येही डाग ओला असेल तर पावसाच्या पाण्याचा संबंध कमी. मग गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे, तिच्या ओव्हरफ्लोकडे आणि गच्चीवरून जाणाऱ्या पाइपांकडे बघायचं. पाऊस सुरू होताच अर्ध्या तासात थेंब पडू लागत असतील तर वाट जवळची आहे. बारा तासांनी पडत असतील तर पाणी लांबून येतंय.

फोटो

प्रत्येक जागेचे तीन फोटो घ्या. पहिला लांबून, ज्यात ती जागा खोलीत किंवा गच्चीवर कुठे आहे ते कळेल. दुसरा मधल्या अंतरावरून, ज्यात आजूबाजूची एखादी ओळखीची वस्तू येईल, म्हणजे पाइप, कठड्याचा कोपरा किंवा दार. तिसरा जवळून, शेजारी पट्टी ठेवून. पट्टीशिवाय काढलेल्या फोटोत केसाएवढी भेग आणि बोट जाईल असा तडा सारखेच दिसतात, आणि समितीतल्या भीतीचं निम्मं मूळ तिथेच असतं. शेजारी खडूनं क्रमांक लिहा आणि तोच क्रमांक अहवालात वापरा.

भेगेची रुंदी मोजायला खास उपकरण नसलं तरी चालतं. मुलांच्या क्लिक पेन्सिलीतली ०.५ मिमीची शिसकांडी घ्या. ती भेगेत शिरली तर भेग अर्ध्या मिलिमीटरपेक्षा रुंद आहे, नाही शिरली तर कमी आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारून तारीख लिहा. महिन्याभरानं भेग रेघेच्या पुढे गेलेली असेल तर ती अजून वाढते आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

छताचा फोटो समोरून फ्लॅश मारून काढला तर सगळं सपाट आणि पांढरं येतं. त्याऐवजी टॉर्च छताला जवळजवळ टेकवून आडवा धरा. उजेड आडवा पडला की फुगलेला गिलावा, सुटलेले पोपडे, लोणा म्हणजे क्षाराची पांढरी खरखर, सगळं उठून दिसतं. लोणा दिसला तर त्याची जरूर नोंद करा. पाणी काँक्रीटमधून वाहताना क्षार बरोबर आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतो. म्हणजे ही गळती एका पावसाची नाही, ती बऱ्याच दिवसांची आहे.

फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले तर आकारानं लहान होतात आणि त्यांच्यातली तारीख-वेळेची नोंदही जाते. मूळ फाइल जपून ठेवा, पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि प्रत्येक फोटोखाली पाऊस थांबून किती तास झाले होते ते लिहा. ही एक ओळ बहुतेक अहवालांत नसते, आणि ती नसली तर ओलीच्या फोटोवरून काहीच ठरवता येत नाही.

खालचा डाग वर कुठे येतो

हे मोजमाप सोपं आहे, पण चूकही इथेच होते. समजा बेडरूममधला डाग बाहेरच्या भिंतीपासून आतल्या बाजूनं ४ फुटांवर आहे. गच्चीवर जाऊन कठड्यापासून ४ फूट मोजलेत तर चुकीच्या जागी उभे राहाल. खालची भिंत ९ इंची, वरचा कठडा गिलाव्यासकट ६ इंची आणि दोघांची बाहेरची बाजू एका रेषेत, अशी स्थिती असते. म्हणून आधी बाहेरच्या कडेपर्यंत हिशेब करायचा: ४ फूट अधिक ९ इंच. मग त्यातून कठड्याचे ६ इंच वजा करायचे. गच्चीवर कठड्याच्या आतल्या बाजूपासून ४ फूट ३ इंच. दुसऱ्या भिंतीपासूनही तसंच मोजा आणि दोन्ही रेषा मिळतील तिथे खडूनं फुली मारा. फुलीचा फोटो काढा. पाण्याचा उतार त्या फुलीकडे येतो की फुलीपासून दूर जातो हे एक बादली पाणी ओतून बघा.

तडे वाचायला शिका

कोब्याच्या वरच्या थरावर जाळीसारख्या बारीक भेगा असतात. सिमेंटचा थर लवकर वाळल्यानं त्या पडतात आणि बहुतेक वेळा वरवरच्याच असतात. तिथे हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघा. ठणठणीत आवाज आला तर त्या भेगांची काळजी करण्याचं कारण कमी. भद्द, पोकळ आवाज आला तर थर खालून सुटलेला आहे आणि त्याच्या पोटात पाणी साठतंय. पोकळ भागाभोवती खडूची रेघ ओढून मग फोटो घ्या, म्हणजे किती चौरस फूट ते मोजता येईल.

कठडा आणि गच्ची मिळतात त्या कोपऱ्यात गोलाई दिलेली असते, तिला गवंडी वाटा म्हणतात. वाट्याच्या लांबीनं जाणारी सरळ भेग वेगळ्या कारणाची असते. काँक्रीट तापलं की पसरतं. १० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला तर साधारण ३ मिमी वाढतो आणि रात्री परत आखडतो. कठडा त्याच्याबरोबर तेवढा हलत नाही, म्हणून सांधा फाटतो. ही भेग नुसत्या सिमेंटनं भरली तर पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी उघडते. गेल्या वर्षी भरलेली भेग परत उघडली आहे असं फोटोत दिसलं तर तसं लिहा. इथे ताणलं जाणारं सीलंट लागेल, हा त्याचा अर्थ आहे.

तिसरा प्रकार मात्र गळतीच्या अहवालात मिसळू नका. छताला किंवा बीमला सळईच्या लांबीनं जाणारा तडा, त्यातून उतरलेले तांबूस ओघळ, फुगलेलं किंवा पडलेलं काँक्रीट. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि आतून काँक्रीट फोडतो. हे वॉटरप्रूफिंगनं बरं होत नाही. अहवालात याचं स्वतंत्र पान करा, खालून येणं-जाणं किंवा झोपणं बंद करायला सांगा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावण्याची शिफारस करा. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. शेवटचं कधी झालं तेही विचारून लिहा.

पाणी भरून बघणं

फोटो संशय दाखवतात, पुरावा पाँडिंग टेस्ट देते. गच्चीच्या ठरावीक भागाभोवती माल किंवा शाडूचा छोटा बांध घालायचा, दोन इंच पाणी भरायचं आणि ४८ तास खाली लक्ष ठेवायचं. दोन इंच पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो वजन. म्हणून सळया उघड्या पडलेल्या छतावर इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाणी भरू नका, आणि शक्यतो सगळी गच्ची एकदम भरू नका. सगळी भरली आणि गळलं तर ‘गळतं’ एवढंच कळतं, आणि ते आधीच माहीत होतं.

भाग पाडून भरताना सुरुवात सगळ्यात खालच्या भागापासून करा, म्हणजे पाइपच्या तोंडाकडून. वरचा भाग आधी भरला तर त्याचं पाणी कोब्याच्या पोटातून खाली उतरतं आणि मग खालच्या भागाची परीक्षा बिघडते. दोन भागांच्या मध्ये कोबा सुकायला आठवडाभर तरी द्या. पाऊस संपल्यावर, छत सुकलं की ही टेस्ट करावी. भर पावसाळ्यात केलेली टेस्ट कुणाला काही सांगत नाही.

गेल्या वर्षीचं एक काम सांगतो. २२ वर्षांची चार मजली इमारत, चौथ्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये पंख्याच्या हुकाभोवती दोन फुटी डाग. वर फुली मारली तर तिच्यापासून वीतभर अंतरावर कोब्याला ६ फूट लांब तडा. शिसकांडी सहज आत जात होती. आदल्या वर्षी समितीनं त्याच तड्यावर जाळी आणि कोटिंग करून घेतलं होतं, आणि तरी गळत होतं. घरातल्या काकूंनी सांगितलं, ‘पाऊस पडतो त्या दिवशी काही नसतं हो, दुसऱ्या दिवशी सकाळी ओलं होतं आणि मग दोन दिवस राहतं.’ त्या एका वाक्यामुळे मी तड्यापासून नजर काढून गच्चीभर फिरलो. फुलीपासून ११ फुटांवर, उताराच्या शेवटी, पावसाळी पाइपचं तोंड होतं. जाळी उचलली तर कोबा आणि पाइप यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची फट, आणि त्या फटीतून पिंपळाचं बोटभर रोप वर आलेलं.

ऑक्टोबर सरल्यावर, छत पूर्ण सुकल्यावर टेस्ट केली. आधी खाली छतावर डागाच्या कडेनं पेन्सिलीची रेघ ओढली आणि तारीख-वेळ लिहिली. मग पाइपच्या तोंडाभोवती तीन फुटी चौकोनी बांध घातला. पाइप बुजवायचा बोळा कुठे बसवायचा हे महत्त्वाचं होतं. जाळीच्या पातळीला बोळा बसवला असता तर पाणी वरच राहिलं असतं आणि पाइप-स्लॅबचा सांधा तपासलाच गेला नसता. म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कापडी बोळा हातभर खाली, स्लॅबच्या तळाच्याही खाली घट्ट बसवला, म्हणजे सांधा पाण्याखाली आला. पाणी सकाळी ११ वाजता भरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ६ वाजता, म्हणजे १९ तासांनी, काकूंनी फोटो काढला: पेन्सिलीच्या रेघेच्या बाहेर दोन बोटं रुंद गडद पट्टा. वाटेत बहुधा तारांचा पाइप होता, कारण पाणी हुकाच्या डब्यातूनच डोकावत होतं.

पाणी सोडून दिलं, नऊ दिवस थांबलो, नवी रेघ ओढली आणि मग तड्याभोवती बांध घालून ४८ तास पाणी ठेवलं. रेघ हलली नाही. दोन वर्षं ज्याला दोष दिला तो तडा या गळतीला जबाबदार नव्हता.

या टेस्टची मर्यादाही अहवालात लिहावी लागते. साठवलेलं पाणी आडव्या पृष्ठभागाची परीक्षा घेतं. कठड्याच्या बाहेरच्या बाजूवर वाऱ्यानं मारलेला पाऊस त्यात येत नाही. डाग बाहेरच्या भिंतीला लागून असेल तर कठड्यावर आणि भिंतीवर नळीनं पाणी मारूनही बघायला हवं, आणि तेही खालून वर, टप्प्याटप्प्यानं.

लिहायला बसताना

समितीतले लोक नोकरी सांभाळून हे काम करतात. ते पहिलं पान वाचतात. म्हणून पहिल्या पानावर तीनच गोष्टी: आज काय धोका आहे, कारण काय सापडलं आणि समितीनं कशाला मंजुरी द्यायची. तारखा, हवामान, कोण हजर होतं हे दुसऱ्या पानावर. त्यानंतर गच्चीचा हातानं काढलेला नकाशा, ज्यावर फोटोंचे क्रमांक, उताराचे बाण आणि फुली असेल. मग फोटो.

फोटोखालच्या मजकुरात दिसलेलं आणि अनुमान वेगळं ठेवा. ‘गच्चीला सर्वत्र तडे असून तातडीनं वॉटरप्रूफिंग आवश्यक आहे’ असं वाक्य लिहू नका. सर्वत्र म्हणजे किती, कसले, आवश्यक कशावरून, यातल्या एकाचंही उत्तर त्यात नाही. वरच्या कामात मी असं लिहिलं होतं:

फोटो ४. कोब्यावरचा तडा, लांबी ६ फूट, रुंदी ०.५ मिमीहून जास्त. ठोकल्यावर आवाज भरीव. ४८ तास पाणी ठेवून खालच्या छतावर बदल नाही. अनुमान: सध्याच्या गळतीचं कारण नाही. पावसाळ्यापूर्वी भरून घ्यावा.

फोटो ६. पावसाळी पाइपचं तोंड, ईशान्य कोपरा. पाइपभोवती अर्धा इंच फट, फटीत रोप. पाणी भरल्यापासून १९ तासांनी फ्लॅटमधला डाग वाढला (फोटो ७). अनुमान: पाणी शिरण्याची जागा हीच. खात्री: टेस्टनं सिद्ध.

फोटो ९. जिन्यावरच्या बीमच्या तळाला सळईच्या लांबीनं तडा, तांबूस ओघळ. गळतीच्या कामात समाविष्ट नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करावी.

प्रत्येक फोटोपुढे ‘टेस्टनं सिद्ध’, ‘शक्यता जास्त’ किंवा ‘तपासलेलं नाही’ यातलं एक लिहिलं की समितीला कुठे पैसे घालायचे ते दिसतं. ‘तपासलेलं नाही’ लिहायला संकोच करू नका. ती नोंद नसेल तर पुढे एखादी नवी गळती निघाल्यावर सगळ्या अहवालावरचा विश्वास जातो.

खर्च कुणाचा, हा प्रश्न मिटिंगमध्ये येतोच. आदर्श उपविधींनुसार गच्चीची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं व्हायची असते, आणि गच्चीतून झिरपलेल्या पावसाच्या पाण्यानं वरच्या मजल्यावरच्या छताचा गिलावा खराब झाला असेल तर तोही सोसायटीनंच करून द्यायचा असतो. अहवालात ही एक ओळ शांतपणे लिहा, म्हणजे त्या घरच्यांना मिटिंगमध्ये भांडावं लागत नाही.

शिफारस मोजता येईल अशी द्या. वरच्या कामात ती अशी होती: पाइपच्या तोंडाभोवती ३ फूट बाय ३ फूट कोबा स्लॅबपर्यंत उकरणं, रोप मुळासकट काढणं, पाइप आणि स्लॅबमधली फट न आकसणाऱ्या ग्राउटनं भरणं, वॉटरप्रूफिंगचा थर पाइपच्या आत वळवून घेणं, वाट्यासह कोबा परत करणं आणि त्याच जागी पुन्हा ४८ तास पाणी भरून दाखवणं. असं लिहून दिलं की तीन ठेकेदारांचे दर एकाच कामाचे येतात आणि त्यांची तुलना करता येते. शेवटचा हप्ता त्या दुसऱ्या टेस्टला बांधा. त्या सोसायटीत सगळ्या गच्चीच्या कामाचा विषय निघाला होता, तो ९ चौरस फुटांवर आला.

खोलीतला रंग मात्र लगेच लावू देऊ नका. डबा आणि वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, सुटलेला गिलावा काढून टाका, पण पेन्सिलीची रेघ आणि तिच्यावरची तारीख तशीच राहू द्या. पुढच्या पावसाळ्यातल्या पहिल्या जोरदार सरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी उभं राहून, टॉर्च तसाच आडवा धरून एक फोटो काढा, त्याला पुढचा क्रमांक द्या आणि अहवालाला जोडा. रंगाचं बिल त्यानंतर.